काशीतील कोंकणी पुस्तिका: लिपी कोणती?

समजा, वाराणसीत कोंकणी गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि पुस्तिका तुम्हाला छापायची आहे. १९८७ च्या गोवा राजभाषा कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतील कोंकणी, म्हणून देवनागरी घ्या, असा युक्तिवाद हमखास होतो. मला तो अपुरा वाटतो. तो कायदा गोव्याच्या कारभारापुरता आहे. काशीत पुस्तिका कोण वाचणार, याच्याशी त्याचा संबंध नाही.

इथल्या काशी मठामुळे मंगळूरकडचे यात्रेकरू येतात, आणि त्यांतल्या अनेकांना कोंकणी कन्नड लिपीत वाचायची सवय असते. मांडो गाणाऱ्या गोवेकराच्या वहीत बहुधा रोमी असते. मात्र रोमीत ‘श’साठी एक्स हे अक्षर येते, बनारसी श्रोता तिथे ‘क्स’ वाचून अडखळतो. निवेदन आणि गाण्यांचा अर्थ देवनागरीत द्यावा तो या श्रोत्यासाठी.

गाण्यांचे शब्द मात्र गायकाच्याच लिपीत ठेवा. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे लिहितात; नेहमीच्या देवनागरीत तो भेद पुसला जातो. शेजारी देवनागरी पाठ द्यायचाच असेल, तर छपाईपूर्वी गायकाकडून तो मोठ्याने म्हणवून घ्या. तो जिथे थांबेल, तिथे खूण करा.