पाच, तीन, एक

सेलू तालुक्यातलं हिंगणी बोर धरणाच्या वाटेवर आहे. रब्बीत गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी शिवारातले पंप एकाच वेळी सुरू होतात. अशा भागातला ११ केव्हीचा फीडर उपकेंद्रातून निघतो, शेतं ओलांडत जातो आणि जंगलाच्या कडेला संपतो. पुढं दुसऱ्या फीडरला जोडून घ्यावं, अशी सोय तिथं सहज मिळत नाही. वीज एकाच बाजूनं येते आणि शेवटच्या डीपीवरच्या शेतकऱ्याची ‘लाइन डिम आहे’ ही तक्रार दर हंगामात परत येते.

अशा फीडरचं खरं रूप कागदावर दिसतं. आडव्या अक्षावर उपकेंद्रापासूनचं अंतर घ्यावं, उभ्या अक्षावर व्होल्टेज. जी रेषा उमटते ती सरळ उतरत नाही. सुरुवातीला ती झपाट्यानं खाली येते, मग सावकाश होते आणि शेवटी जवळजवळ आडवी होते. या एका वळणात फीडरचं दुखणं आहे आणि उपायही.

हिशेबासाठी असा एक फीडर कल्पू. लांबी १८ किलोमीटर, तार ‘वीझल’, म्हणजे आपल्या ग्रामीण लाइनवरची ओळखीची बारीक तार. भार १.२ मेगावॅट, म्हणजे पाच अश्वशक्तीचे अडीचशेच्या वर पंप, सगळ्या लांबीवर सारखे विखुरलेले. पॉवर फॅक्टर ०.८. तापलेल्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १ ओहम आणि रिअॅक्टन्स ०.३६ ओहम धरला, तर शेवटच्या खांबापर्यंत व्होल्टेज सुमारे ११.३ टक्के पडतं. १९५६च्या वीज नियमांत ११ केव्हीसाठी खालची मर्यादा उणे ९ टक्के होती. हा फीडर तिच्या पलीकडे गेला.

आता फीडरचे सहा-सहा किलोमीटरचे तीन तुकडे करू. पहिल्या तुकड्यात घट ६.३ टक्के, दुसऱ्यात ३.८, तिसऱ्यात जेमतेम १.३. प्रमाण पाचास तीनास एक. कारण साधं आहे. पहिल्या तुकड्यातल्या तारेवरून जवळजवळ सगळ्या पंपांचा प्रवाह जातो, शेवटच्या तुकड्यावरून फक्त तिथल्या मोजक्या पंपांचा. व्होल्टेज कमी मिळतं शेवटच्या शेतकऱ्याला, पण ते वाटेत हरवतं उपकेंद्राजवळच्या तारेत. म्हणूनच तक्रार जिथून आली तिथली तार बदलणं हा बहुतेक वेळा फुकटचा खर्च ठरतो.

आकडे पाहा. शेवटच्या सहा किलोमीटरवर जाड ‘डॉग’ तार ओढली, तर शेवटच्या टोकाला फायदा ०.७ टक्के. तीच तार, तितकीच लांबी, पण पहिल्या सहा किलोमीटरवर ओढली, तर फायदा ३.५ टक्के. एकूण घट ७.८ वर येते आणि फीडर मर्यादेत बसतो. खर्च तोच, फळ पाचपट. वक्राच्या पहिल्या उताराचा तिरकेपणा कमी करणं म्हणजे नेमकं हेच.

दुसरा उपाय कपॅसिटरचा. विखुरलेल्या भारासाठी जुना, भरवशाचा नियम आहे: एकूण रिअॅक्टिव्ह भाराच्या दोन तृतीयांश क्षमतेचा कपॅसिटर दोन तृतीयांश अंतरावर बसवावा. त्यानं तारेतला तोटा सर्वांत कमी होतो. आपल्या फीडरवर हा भार ९०० केव्हीएआर, म्हणजे ६०० केव्हीएआरची बँक बाराव्या किलोमीटरवर. तिनं व्होल्टेज सुमारे २ टक्के वर येतं. एवढंच का? कारण कपॅसिटर तारेच्या रिअॅक्टन्सवर काम करतो, रोधावर नाही, आणि बारीक तारेत रोधच भारी असतो. जाड तारेनंतर मात्र उरलेल्या घटीत त्याचा वाटा मोठा दिसतो. दोन्ही मिळून एकूण घट सहाच्या आत जाते. पंपाजवळ बसवलेला लहान कपॅसिटर आणखी गुणी, कारण तो फीडरबरोबर डीपी आणि लघुदाब तार यांनाही हलकं करतो.

तिसरा मार्ग उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप. टॅप वाढवला की सगळा वक्र जसाच्या तसा वर सरकतो, आकार तोच राहतो. ३ टक्के वर उचलला तर शेवटचं टोक उणे ८.३ वर येतं. पण भार उतरला की उपकेंद्राजवळच्या घरात व्होल्टेज चढलेलंच राहतं. म्हणून टॅप हा हंगामाचा आधार आहे, कायमचा इलाज नाही.

लघुदाबाच्या लांब तारांचं पाप वेगळं मोजावं लागतं. त्यासाठी हंगामातल्या भर पुरवठ्यात एकाच वेळी तीन जागी मीटर लावावा: उपकेंद्राजवळची, मधली आणि शेवटची डीपी. पहिल्या दोनांतली घट पुढच्या दोनांतल्या घटीपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर वक्र जसा असावा तसाच आहे. दोन लगतच्या डीपींमध्ये अचानक पायरी दिसली तर सैल जंपर किंवा खराब जोड शोधावा. मग डीपीवरचं आणि पंपाच्या स्टार्टरवरचं व्होल्टेज ताडावं. तिथंच मोठा फरक आढळला तर दोष ११ केव्हीचा नाही, लघुदाब तारेचा आहे. त्याच तारेवरून तितकीच शक्ती ४१५ ऐवजी ११ हजार व्होल्टवर नेली तर टक्केवारीतली घट सुमारे सातशेपट कमी होते. २०१८ साली महावितरणनं कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण योजना हाती घेतली तिचं बळ याच गणितात आहे: डीपी छोटी, एका-दोन शेतकऱ्यांपुरती, विहिरीजवळ.

व्होल्टेज पडलं की मोटरीचा जोर वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१५ ऐवजी ३५० मिळाले तर सुरुवातीचा जोर सुमारे ७१ टक्के उरतो. मोटर गुंगते, जास्त प्रवाह ओढते आणि फीडर आणखी खाली नेते. वीज येताच ऑटोस्विचनं शंभर पंप एकदम सुरू झाले तर प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह मागते. माझा वरचा हिशेब भार स्थिर धरून केलेला आहे, म्हणून खरं चित्र त्याहून थोडं वाईटच असतं. ऑटोस्विच काढून पंप टप्प्याटप्प्यानं चालू करणं हा या यादीतला बिनखर्चाचा उपाय.

आता या वक्राचं मला सर्वांत आवडणारं रहस्य. पाच-तीन-एक हे प्रमाण उलटंही वाचता येतं. शेवटच्या टोकाची घट कोणत्या पंपांमुळं होते, असं विचारलं तर उत्तर येतं: शेवटच्या तुकड्यातल्या पंपांचा वाटा नवातले पाच, मधल्यांचा तीन, पहिल्यांचा एक. भार दूर असला की त्याचा प्रवाह सगळी तार तुडवत जातो. म्हणजे जागा दोन आहेत. तार जाड करायची तर उपकेंद्राकडून, भार कमी करायचा तर शेवटाकडून. शेवटच्या तुकड्यातला सगळा भार नव्या उपकेंद्रावर नेला, किंवा तिथल्या शेतकऱ्यांना आधी सौर पंप दिले, तर ११.३ टक्क्यांची घट पाचवर येते. हा फायदा जाड तारेपेक्षाही मोठा आहे. पण मोठा सौर प्रकल्प उपकेंद्राच्या बसबारला जोडला, तर या फीडरचा वक्र तसाच राहतो, कारण तारेतला प्रवाह तोच राहतो. वीज स्वस्त झाली, दिवसा मिळाली, तरी शेवटच्या डीपीचं व्होल्टेज सुधारत नाही.

म्हणून सौर पंपांचा प्राधान्यक्रम ठरवताना अर्जाच्या तारखेबरोबर फीडरवरचं अंतरही पाहिलं जावं, असं माझं ठाम मत आहे. जंगलाच्या कडेच्या शेतकऱ्याला दिलेला एक सौर पंप त्याला पाणी देतोच, पण त्याच्या अलीकडच्या प्रत्येक शेतातली लाइनही वर उचलतो. उपकेंद्राजवळ दिलेला पंप हे काम जेमतेम पाचव्या हिश्श्यानं करतो.