वायव्येचा उजेड: घोडबंदरच्या डोंगरांचा एक नकाशा वाचताना

मीरा-भाईंदरच्या छायांकित नकाशावर, ज्याला या धंद्यातले लोक हिलशेड म्हणतात, भाईंदरच्या मिठागरांचा करडा रंग 181 या आकड्याच्या आगेमागे असतो. शून्य म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. उजेड वायव्येकडून 45 अंश उंचीवरून येतो असं संगणकाने धरलेलं असतं. सपाट जमिनीला त्या उजेडाचा सुमारे 71 टक्के वाटा मिळतो आणि त्याचे होतात 181. हे चित्र वाचायला बसताना हा करडा आधी डोळ्यांत मुरवून घ्यावा. त्याहून उजळ ते उजेडाकडे तोंड केलेलं, त्याहून गडद ते पाठ फिरवलेलं. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पश्चिमेला उत्तन-डोंगरीच्या ठेंगण्या टेकड्या आणि मधे ही करडी पट्टी, एवढीच या चित्राची मांडणी आहे.

वायव्येचा हा उजेड निव्वळ कल्पित आहे. मीरा-भाईंदरच्या आकाशात सूर्य वायव्येला 45 अंशांवर वर्षातून एकदाही येत नाही. पण कागदावर उजेड वरच्या बाजूने पडला नाही, तर माणसाचा डोळा फसतो. दक्षिणेकडून उजेड टाकून पाहा, काशिमीऱ्यामागच्या सोंडा खचून ओहोळ होतात आणि ओहोळांच्या सोंडा होतात. म्हणून खऱ्या सूर्याला बाजूला ठेवून नकाशाकारांनी ही वायव्य पत्करली.

चित्राचा कच्चा माल फुकट मिळतो. एक पर्याय एसआरटीएम. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेल्या या उंच्या आहेत, पूर्ण मीटरांत. दुसरा कोपर्निकसचा ‘ग्लो-30’, जर्मन रडार उपग्रहांच्या 2011 ते 2015 मधल्या मोजमापांवर बेतलेला, दशांशासह. सपाट भागासाठी मी दुसरा घेईन. पूर्ण मीटरांच्या उंच्यांमुळे मिठागरांवर पायऱ्या उमटतात, ज्या तिथे नाहीत. ओपनटोपोग्राफीच्या संकेतस्थळावर नकाशावर चौकट ओढायची आणि फाइल mb.tif या नावाने उतरवून घ्यायची. पुढचं काम जीडॅल या मोफत साधनाच्या तीन ओळींचं:

```
gdalwarp -te 72.76 19.20 72.98 19.34 -te_srs EPSG:4326 -t_srs EPSG:32643 -tr 30 30 -r bilinear mb.tif mb_utm.tif
gdaldem hillshade -az 315 -alt 45 mb_utm.tif mb_hill.tif
gdaldem slope mb_utm.tif mb_slope.tif
```

पहिली ओळ गाळण्याचा मोह अनेकांना होतो आणि तिथेच चित्र बिघडतं. उतरवलेल्या फाइलमध्ये आडवं अंतर अंशांत असतं आणि उंची मीटरांत. दोन्ही एकाच मापाचं समजून संगणकाने उतार काढला, तर मीटरभराचा चढही जवळजवळ 90 अंशांचा ठरतो. उत्तनपासून ठाण्यापर्यंत सगळीकडे उभे कडे दिसले की हेच झालं म्हणून समजावं. जीडॅलच्या नव्या आवृत्त्या हे सांभाळून घेतात, पण बऱ्याच संगणकांवर जुन्याच असतात. त्या ओळीतलं `-r bilinear` विसरलं तर चूक जास्त छुपी असते. डोंगर बरोबर दिसतात, पण चित्रभर ठरावीक अंतराने सरळ रेघा उमटतात. निसर्ग इतक्या सरळ रेघा मारत नाही.

आता डोंगर वाचू. वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर घोडबंदर रस्ता डोंगराच्या पायाला खेटून गायमुखाकडे जातो, तो का खेटला आहे हे या चित्रात एका नजरेत कळतं: डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये करड्याला जागाच उरलेली नाही. चेण्याच्या बाजूला दरी आत शिरते, तिच्या एका कुशीवर उजेड आणि दुसरीवर सावली. डोंगराचा पोत यात फार देखणा उतरतो, आणि त्या देखणेपणाला भुलूनच वाचक चुकतो.

समजा एकाच डोंगराच्या चारही बाजूंचा उतार 20 अंश आहे. वायव्येकडच्या बाजूला 231 मिळतात, ती लखलखते. आग्नेयेकडची 108 वर येते, कड्यासारखी काळी. आणि नैर्ऋत्य किंवा ईशान्य बाजू? तिला मिळतात 170. मिठागराच्या 181 पासून डोळ्याला हा फरक जेमतेम जाणवतो. म्हणजे उजेडाच्याच दिशेने, वायव्य-आग्नेय पसरलेली सोंड या चित्रात जवळजवळ पुसली जाते, आणि आडवी पसरलेली सोंड आहे त्याहून उग्र दिसते. डोंगराची पूर्वेची बाजू ताठ आणि पश्चिमेची सौम्य, असं नुसत्या छायेवरून कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नये. `-az 45` देऊन उजेड ईशान्येकडून टाकला की पुसलेल्या सोंडा वर येतात.

म्हणूनच उताराचा नकाशा शेजारी हवा. दिसायला तो रुक्ष आहे, त्याला ना उजेड ना दिशा. पण त्या चारही बाजूंना तो इमानाने 20 असंच लिहितो. क्यूजीआयएसमध्ये उताराला फिके रंग देऊन तो छायांकित नकाशावर अर्धपारदर्शक अंथरला, तर आकार छाया सांगते आणि ताठपणा रंग सांगतो. हीच जोडी मला या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

उताराच्या इमानालाही मर्यादा आहे. प्रत्येक चौकोन 30 मीटरांचा. सुमारे 79 चौरस किलोमीटरची महानगरपालिका अशा 88 हजारांच्या आसपास चौकोनांत मावते. एका चौकोनाचा उतार काढताना भोवतालचे आठ चौकोन धरले जातात, म्हणजे एका बाजूच्या उंचीची तुलना 60 मीटर पलीकडच्या उंचीशी होते. दगडखाणीत 30 मीटरांचा सरळ उभा कडा असेल, तर गणित होतं 30 भागिले 60, आणि नकाशावर उमटतात 27 अंश. पंधरा मीटरांचा कडा असेल तर जेमतेम 14. डोंगर पोखरून काढलेल्या जागेला लागून झोपड्या असतील, तर त्यांच्या डोक्यावरचा खरा धोका या रंगात दिसणार नाही. चौदाचा सौम्य पिवळा पाहून कोणी निर्धास्त राहू नये.

दुसरी अडचण मीरा रोडवर दिसते. ही जमीन सपाट, तरी छायांकित नकाशात ती चादरीखाली गोट्या सांडल्यासारखी खडबडीत असते. रडारला जमीन नव्हे, वरचा पृष्ठभाग दिसतो. त्या गोट्या म्हणजे इमारती. खाडीकाठच्या तिवरांची कडही अशीच बांधासारखी उठून दिसते, आणि उद्यानातल्या दाट रानात जी उंची आहे त्यात झाडांची उंची मिसळलेली आहे. अशा उठावावर शंका आली, तर त्या जागेचं उपग्रह छायाचित्र उघडावं. उठावाची कड इमारतींच्या किंवा तिवरांच्या कडेशी जुळली, तर तो डोंगर नाही. खाडीचं पाणी मात्र कोपर्निकसने आधीच सपाट करून ठेवलेलं असतं, त्यामुळे काठाची रेघ प्रत्यक्षापेक्षा जास्त कोरीव दिसते.

उत्तनच्या टेकड्या ठेंगण्याच आहेत. पण समुद्राच्या सपाट करड्यालगत तेवढ्यानेही खाडीच्या मुखावर नजर ठेवणारी उंची उठून दिसते, आणि 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेत याच टेकड्यांच्या धारावी बेटासाठी एवढी झुंज का झाली ते उमगतं. धारावी किल्ल्याचे अवशेष मात्र 30 मीटरांच्या चौकोनात शोधू नयेत. त्यासाठी चौकला जाऊन टेकडी चढावी लागते.