संविधान-तक्ता आणि प्रश्नाचे क्रियापद

शिक्षणशास्त्र महाविद्यालयातील छात्राध्यापक घटक चाचणी तयार करतो तेव्हा तिच्यासोबत संविधान-तक्ताही जोडतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील शाळांत सरावपाठांसाठी जाणाऱ्या छात्राध्यापकांच्या वह्या चाळल्यास हा तक्ता हटकून आढळेल. डाव्या बाजूस उपघटक, वरच्या ओळीत उद्दिष्टे, मधल्या चौकटींत गुण, आणि शेवटी उभ्या-आडव्या बेरजा. या बेरजा सहसा चुकत नाहीत. परंतु बेरीज बिनचूक असणे हा तक्त्याचा गुण नव्हे; कित्येकदा तो संशयाचाच विषय ठरतो. आधी प्रश्न काढावयाचे, मग त्यांचे गुण सोयीच्या चौकटींत वाटून टाकावयाचे, असा क्रम असेल तर बेरीज जुळणारच. असा तक्ता म्हणजे आराखडा नव्हे, खर्च झाल्यावर लिहिलेली खतावणी होय.

या तक्त्यामागील विचार बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणापर्यंत पोहोचतो. त्यात बोधात्मक क्षेत्राच्या सहा पायऱ्या होत्या. आपल्याकडील शालेय व्यवहारात त्यांचे ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य असे चार रकाने रूढ झाले, आणि घटक चाचणीपुरती ही काटकसर योग्यच होती. पंचवीस गुणांत सहा पायऱ्या बसविणे हा केवळ देखावा झाला असता. पुढे २००१ साली अँडरसन व क्रॅथवोल यांनी या वर्गीकरणाची फेरमांडणी केली, तेव्हा पायऱ्यांना नामांऐवजी क्रियापदांची नावे मिळाली. त्या मांडणीत ज्ञानाच्या प्रकारांना स्वतंत्र परिमाण दिलेले आहे. अध्यापकांच्या टिपणवह्यांत मात्र त्यातून उतरल्या त्या क्रियापदांच्या याद्या : ‘सांगा’ म्हणजे ज्ञान, ‘कारण द्या’ म्हणजे आकलन, ‘ओळखा’ किंवा ‘वापरा’ म्हणजे उपयोजन. तक्त्याच्या प्रचलित वापरातील मुख्य दोष येथेच आहे.

भाषेच्या दृष्टीने पाहता प्रश्नातील आज्ञार्थी क्रियापद हे विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत काय करावे एवढेच सांगते; त्यासाठी त्याने मनात काय करावे हे ते सांगत नाही. प्रश्नाची पातळी त्याच्या शब्दरूपात नसते. तो प्रश्न आणि त्या वर्गात आधी झालेले अध्यापन यांच्या संबंधात ती असते. ‘कारणे द्या’ हा तर आपल्या पाठ्यपुस्तकांचा आणि मार्गदर्शकांचा लाडका प्रश्नप्रकार. ते कारण शिक्षकाने फळ्यावर लिहून दिले असेल आणि मुलांनी वहीत उतरवून घेतले असेल, तर ‘कारण द्या’ या शब्दांनी पाठांतराचे आकलन होत नाही.

हे एका घटकावर तपासून पाहता येईल. माध्यमिक शाळेतील व्याकरणाचा ‘प्रयोग’ हा घटक घ्यावा. त्यासाठी दहा तासिका दिल्या आहेत असे धरू : अन्वयाला तीन, कर्तरी प्रयोगाला दोन, कर्मणीला तीन आणि भावेला दोन. पंचवीस गुण तासिकांच्या प्रमाणात वाटले तर साडेसात, पाच, साडेसात आणि पाच येतात. अर्धे गुण टाळावयाचे म्हणून अन्वयाला आठ आणि कर्मणीला सात देता येतील, कारण अन्वय कळल्याविना पुढील तिन्ही उपघटक कळत नाहीत. उद्दिष्टांचा भारांश ज्ञानास पाच, आकलनास दहा आणि उपयोजनास दहा असा ठरविला, म्हणजे एकही प्रश्न न काढता पुढील तक्ता तयार होतो.

| उपघटक | ज्ञान | आकलन | उपयोजन | एकूण |
|---|---|---|---|---|
| अन्वय | २ | ३ | ३ | ८ |
| कर्तरी | १ | २ | २ | ५ |
| कर्मणी | १ | ३ | ३ | ७ |
| भावे | १ | २ | २ | ५ |
| एकूण | ५ | १० | १० | २५ |

कौशल्याचा रकाना येथे मुद्दाम सोडला आहे. व्याकरणाच्या घटकात तो केवळ रीत म्हणून ठेवला जातो आणि मग शुद्धलेखनाचे दोन गुण त्यात कोंबले जातात.

आता कर्मणी आणि उपयोजन यांच्या चौकटीतील तीन गुण पाहू. नेहमीचा प्रश्न असा असतो : ‘पुढील वाक्यांतील प्रयोग ओळखा’, आणि त्याखाली ‘रामाने आंबा खाल्ला’ या जातीची तीन वाक्ये. हे वाक्य वर्गात उदाहरण म्हणून आलेले असेल तर विद्यार्थी प्रयोग ओळखत नाही, वाक्य ओळखतो. नमुन्यादाखल अशी प्रश्नपत्रिका कल्पावी की, उपयोजनाच्या दहांपैकी सात गुण वहीतल्याच वाक्यांवर आहेत आणि आकलनाच्या दहांपैकी चार गुण लिहून दिलेल्या कारणांवर आहेत. कागदावर तक्ता पाच, दहा, दहा असाच दिसेल. वस्तुतः तो ज्ञान सोळा, आकलन सहा आणि उपयोजन तीन असा आहे. अशा चाचणीत चांगले गुण मिळविणाऱ्या मुलास व्याकरण कळले, आणि वही हरवलेल्या मुलास कळले नाही, असा निष्कर्ष शिक्षक काढतो. दोन्ही निष्कर्षांना आधार नाही.

केवळ वाक्य नवे घातल्यानेही काम पुरे होत नाही. ‘सीताने पेरू खाल्ला’ हे नवे वाक्य जुन्याच साच्यातले आहे. वर्गात एक सोपी खूण प्रचलित असते : कर्त्याला ‘ने’ आणि कर्माला काहीच नाही तर कर्मणी, कर्त्याला ‘ने’ आणि पुढे ‘स’, ‘ला’ किंवा ‘ना’ असेल तर भावे. ही खूण पुष्कळ वाक्यांत चालते, म्हणूनच ती धोक्याची आहे. उपयोजनाचा प्रश्न खूण आणि तत्त्व यांची फारकत करणारा हवा. त्यासाठी पुढील दोन वाक्ये एकत्र द्यावीत : ‘शिक्षकांनी मुलांना बोलावले’ आणि ‘शिक्षकांनी मुलांना गोष्ट सांगितली’. खुणेने चालणारा विद्यार्थी दोन्हीकडे ‘भावे’ लिहील. अन्वय पाहणाऱ्याला दुसऱ्या वाक्यातील ‘सांगितली’ हे स्त्रीलिंगी एकवचनी रूप ‘गोष्ट’ या कर्मामुळे आले आहे हे दिसेल. ‘गोष्टी’ म्हटले की ‘सांगितल्या’ होते. पहिल्या वाक्यात मात्र ‘मुलांना’ ऐवजी ‘मुलीला’ घातले तरी ‘बोलावले’ तसेच राहते. तीन गुणांपैकी एक गुण दुसऱ्या वाक्यातील प्रयोगाच्या नावाला आणि दोन गुण हा बदल करून दाखविण्याला द्यावेत, म्हणजे अंदाजाने लिहिलेल्या उत्तराला फार किंमत उरत नाही.

‘मी पुस्तक वाचतो’ आणि ‘मी पुस्तक वाचले’ ही जोडीही अशीच उपयोगी आहे. ‘मी’ला प्रत्यय दिसत नसल्याने दुसरे वाक्यही कर्तरी वाटते. ‘पुस्तक’ काढून ‘कविता’ घातली की ‘वाचली’ होते आणि कर्मणी उघडे पडते. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या व्याकरणापासून प्रयोगविचारावर पंडितांत वाद आहेत हे खरे. परंतु वादग्रस्त वाक्ये घटक चाचणीत आणण्याचे कारण नाही. ‘मला आंबा आवडतो’ यात कर्ता कोणता, यावर मुलाचे गुण टांगू नयेत.

उपनगरांतील शाळांपुरती आणखी एक अडचण आहे आणि ती तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही. अन्वयाच्या उपयोजनासाठी असा प्रश्न विचारला जातो : ‘मी (मुलगी) काल बोरिवलीला ___’, आणि कंसात ‘जाणे’. अपेक्षित उत्तर ‘गेले’. मुंबईच्या बोलीत वाढलेली मुलगी ‘गेली’ लिहिते आणि गुण गमावते. पण तिने लिंगाचा व वचनाचा अन्वय अचूक केलेला आहे. प्रमाण भाषेत प्रथमपुरुषी स्त्रीलिंगी कर्त्याला जे वेगळे रूप लागते, तेवढे तिच्या बोलीत नाही. म्हणजे या प्रश्नाने तिची विचाराची पातळी मोजली नाही, तिच्या घरची भाषा मोजली. प्रमाण रूप शिकवणे आवश्यक असेल तर त्यासाठी ‘प्रमाण लेखन’ असा स्वतंत्र उपघटक आणि स्वतंत्र गुण ठेवावेत. अन्वयाच्या तीन गुणांत तो हिशेब मिसळला की पुढे उत्तरे तपासताना त्या मुलीचे नक्की काय चुकले, हे कोणालाच सांगता येत नाही.

विकल्पांविषयी थोडेच सांगावयाचे आहे. ‘पुढीलपैकी कोणतेही दोन’ ही सवलत दयाळूपणाने दिली जाते. पण पर्यायी प्रश्न भिन्न चौकटींतले असतील तर भावे प्रयोग पूर्णपणे टाळून मुलाला पूर्ण गुण मिळविता येतात. शिक्षकाचा तक्ता एक आणि प्रत्येक मुलाने सोडविलेला तक्ता निराळा, अशी स्थिती होते. विकल्प द्यावयाचाच असेल तर तो एकाच चौकटीतल्या दोन प्रश्नांत असावा.

तक्ता खरा आहे की खतावणी, हे पाहण्याचा एक साधा मार्ग आहे. चाचणी घेण्यापूर्वी प्रश्नपत्रिका, कोरा तक्ता आणि वर्गातील एका मुलाची वही दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावी. मूळ तक्ता त्याला दाखवू नये. वही नसेल तर या तपासणीला अर्थ राहत नाही, कारण मग तोही क्रियापदांकडेच पाहील. त्याने भरलेल्या चौकटी मूळ तक्त्याशी ताडून पाहिल्या म्हणजे मतभेद बहुधा आकलन आणि उपयोजन या दोन रकान्यांतच निघतात, कारण शब्दांवरून फसगत तेथेच होते. चाचणीनंतर आणखी एक खूण मिळते. ‘रामाने आंबा खाल्ला’ बरोबर आणि ‘शिक्षकांनी मुलांना गोष्ट सांगितली’ चूक, अशी उत्तरपत्रिका पुष्कळ मुलांची असेल तर दोन रकाने खरोखर दोन होते असे समजावे. दोन्ही रकान्यांत सर्व मुले सारखीच यशस्वी झाली असतील तर वर्गाला प्रयोग उत्तम कळला असेल, किंवा उपयोजनाचे वाक्य त्यांना आधीच ठाऊक असेल. कोणती गोष्ट खरी, हे वही पुन्हा उघडल्यावर कळते. ते वाक्य वहीत सापडले तर प्रश्न ज्ञानाच्या रकान्यात हलवावा लागतो आणि उपयोजनाची ती तीन गुणांची चौकट पुन्हा रिकामी होते.