दुरुस्ती दोन ओळींची

बहिणाबाई चौधरींवरच्या एका लेखात मी काही वर्षांपूर्वी सहज लिहून गेलो की त्यांचा जन्म असोद्याला २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या दिवशी झाला. हे वाक्य अनेक ठिकाणी छापलेले दिसते. मीही तसेच उचलले. लेख छापून आल्यावर जळगावच्या एका वाचकाने विचारले, ‘त्या वर्षी नागपंचमी २४ तारखेला होती का?’ राजवाड्यांच्या धुळ्यात राहून जुनी कागदपत्रे चाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

पडताळणी अवघड नव्हती. १९ वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा जवळजवळ जुळून येतात. १८८० मध्ये १९ च्या सात फेऱ्या, म्हणजे १३३ वर्षे मिळवली की २०१३ येते. २०१३ चे कॅलेंडर ज्यांनी जपले असेल त्यांनी पाहावे : नागपंचमी ११ ऑगस्टला आहे, आणि २४ ऑगस्टला राखीपौर्णिमाही उलटून गेली आहे. या हिशेबात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेरा दिवसांचा नाही. चंद्राची गती मोजून पाहिली तरी शके १८०२ ची श्रावण शुद्ध पंचमी ११ ऑगस्ट १८८० लाच येते. म्हणजे माझ्या वाक्याचे दोन अर्धे एकमेकांना खोटे ठरवत होते.

आता दुरुस्ती लिहायची. पहिला मसुदा आपल्या नियतकालिकांच्या जुन्या वळणाचा झाला : ‘नजरचुकीने तारखेचा उल्लेख चुकला, वाचकांनी सुधारून वाचावे, क्षमस्व.’ कोणता लेख, कोणती तारीख, सुधारून काय वाचावे, यातले काहीच त्यात नव्हते. शिवाय ‘नजरचूक’ हा शब्द खोटा होता. नजर चुकली नव्हती, मी तपासलेच नव्हते. जुळाऱ्याने ‘१८८०’ चे ‘१८०८’ केले तर तो मुद्रणदोष. लेखकाने उसनी माहिती न पडताळता घेतली तर तो दोष मुद्रणालयाच्या पदरात टाकता येत नाही.

दुसरा मसुदा दीड पानाचा झाला. त्यात पंचांगगणित आले, इतरांनी कुठे कुठे तीच चूक केली ते आले. वाचून पाहिले तेव्हा ती दुरुस्ती राहिलीच नव्हती. चुकलेल्या माणसाने आपली विद्वत्ता दाखवण्याची संधी साधली होती.

सरकारी शुद्धिपत्रकांना आपण हसतो, पण त्यांची एक रीत मला तेव्हा पटली. मूळ निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक आधी, मग ‘याऐवजी असे वाचावे’, आणि बाकीचा मजकूर कायम. त्या साच्यात तिसरा मसुदा बसला :

‘बहिणाबाईंवरील लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात त्यांचा जन्म “२४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या दिवशी” झाला असे छापले आहे. त्या वर्षी नागपंचमी ११ ऑगस्टला होती. नागपंचमी ग्राह्य धरल्यास तारीख ११ ऑगस्ट १८८० अशी वाचावी. मूळ तारीख लेखकाने न पडताळता घेतली होती. लेखातील इतर मजकुरावर याचा परिणाम होत नाही.’

यातला ‘ग्राह्य धरल्यास’ हा शब्दप्रयोग मी जाणूनबुजून ठेवला. पंचांगाने एवढेच सिद्ध होते की दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. शेतकरी घरात मुलीच्या जन्माची इंग्रजी तारीख राहण्यापेक्षा सण लक्षात राहणे अधिक संभवते, म्हणून माझा कौल ११ ला आहे. पण तो कौल आहे, जन्माचा दाखला नव्हे. एक ठाम चूक काढून तिच्या जागी दुसरे ठाम विधान बसवले असते, तर पुढचा लेखक तेही तसेच उचलणार.

पाच वाक्ये पुरली, कारण माझ्या लेखात त्या तारखेवर काही उभे नव्हते. मुद्दा होता ओव्यांतल्या शेतीच्या शब्दांचा. वेगळे उदाहरण घ्या. आपल्याकडे बहिणाबाई दोन : एक तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या; दुसऱ्या आपल्या असोद्याच्या, १९५१ मध्ये गेलेल्या, ज्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. या दोघींची सरमिसळ करून कुणी चौधरींच्या काव्यावर तुकोबांच्या प्रत्यक्ष उपदेशाचा प्रभाव दाखवला, तर ‘याऐवजी असे वाचावे’ म्हणून भागणार नाही. नाव बदलले तरी त्यावर रचलेला निष्कर्ष तसाच उभा राहतो. तिथे कोणती विधाने मागे घेतली आणि लेखाचा कोणता भाग अजून टिकतो हे सांगावे लागेल. ते दोन ओळींत मावणार नाही, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी तर नाहीच.

माझी दुरुस्ती पुढच्या अंकात आली. पण ज्याच्या हाती जुना अंक पडेल त्याला पुढचा अंक मिळेलच असे नाही. म्हणून माझ्याकडच्या सहा प्रतींत त्याच पानावर चिठ्ठी डकवली. दोन प्रती वाचनालयांत गेल्या आहेत. तिथेही डिंकाची बाटली घेऊन जाऊन आलो.