भिरंडाच्या सोलांवरच्या पाच ओळी

डिचोलीच्या बाजारात सोलां विकणाऱ्या एका बाईंसाठी त्यांच्या भाच्याने संगणकाकडून जाहिरात लिहवून घेतली होती : ‘निसर्गाच्या कुशीतून आलेली, परंपरा आणि शुद्धतेचा अनोखा संगम असलेली आमची अस्सल सोलां तुमच्या प्रत्येक जेवणाला देतील अविस्मरणीय चव.’ या वाक्यात ‘सोलां’च्या जागी ‘काजू’ घालून पाहा, ‘हळद’ घालून पाहा. वाक्य जसेच्या तसे उभे राहते, आणि तिथेच आपल्याला कळते की ते सोलांविषयी काहीच बोललेले नाही.

बाईंनी लिहिलेला मजकूर असा : ‘आमची सोलां यंदाच्या मे महिन्यातली. रसात भिजवून चार वेळा उन्हात सुकवलेली. मीठ लावलंय, म्हणून हुमणात मीठ शेवटी चाखून घाला. बरणीत ओला हात घालू नका.’

‘मे महिन्यातली’ या शब्दांवर आपण क्षणभर थांबू. भिरंड पिकते ऐन उन्हाळ्यात, आणि पहिला पाऊस दाराशी येण्याआधी फळे फोडून, बिया काढून, साली पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवाव्या लागतात. ऊन कमी पडले तर त्यांना बुरशी येते. महिन्याच्या त्या एका नावात सबंध अंगणभर पसरलेली जांभळी साल आणि आभाळाकडे लागलेली नजर सामावली आहे. ‘चार वेळा’ हा आकडाही तितकाच देखणा, कारण मोजणाऱ्यानेच तो सांगावा. ‘शुद्ध’ म्हणणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. ‘चार वेळा’ म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक सहज विचारू शकते, आणि बाईंकडे उत्तर असते.

मला सर्वांत मोहवते ती मिठाची सूचना. तिच्यात खारट झालेले हुमण घेऊन कुरकुरणारे एखादे गिऱ्हाईक आठवते आहे, आणि पुढच्याचे जेवण बिघडू नये ही काळजीही.

मध्यंतरी भाच्याने ‘घरगुती वाटेल असं लिही’ अशी आज्ञा दिली, तेव्हा संगणकाने ‘आजीच्या मायेच्या हातांची चव’ आणली. बाईंनी ती खोडली : त्यांची आजी कधीच सोलां करत नव्हती, हा धंदा त्यांनी स्वतः उभारला. आपुलकीचा सूर उसन्या आजीने लागत नाही. कोणाला काय सांगायचे हे ठाऊक असलेल्या माणसाच्या शब्दांत तो आपोआप उतरतो. यंत्राने दिलेल्या मजकुरातून त्यांनी ठेवला तो एकच शब्द, ‘आमची’.

आणि पाचवी ओळ, पेनाने, बरणीच्या झाकणाशी लिहिलेली : ‘गेल्या वर्षीची थोडी उरलीत. कडक झालीत, आधी पाण्यात भिजवा. दर कमी.’