कंसातलं नाव

पहिल्या कादंबरीला प्रोलॉग हवा का? प्रोलॉग म्हणजे प्रस्तावना नव्हे. पहिल्या प्रकरणाआधी येणारी, बहुधा जुन्या काळातली दोन-तीन पानं.

आमच्या खानदेशातलं उदाहरण घेऊ. सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांची पहिली कादंबरी ‘कोसला’ १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर आरंभीच आपलं नाव आणि वय सांगतो: पंचवीस. म्हणजे पुण्यातलं कॉलेज, हॉस्टेल, गावी परतणं हे सगळं होऊन गेल्यावर तो बोलतोय. मागे वळून पाहणारा काळ उभा करायचं प्रोलॉगचं काम तिथे आवाजानेच होऊन जातं. ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’ हे शब्द इतके लवकर येतात की हा माणूस स्वतःच्या गोष्टीकडे कसा बघतो तेही कळतं.

आता एका मित्राचं हस्तलिखित. प्रोलॉग १९७२च्या दुष्काळातला: धुळे जिल्ह्यातला आजोबा रात्री कंदिलाच्या उजेडात शेत विकायचं ठरवतो. मग पहिलं प्रकरण आजच्या जळगावात, नातवाच्या तोंडून. प्रोलॉगची भाषा मात्र नातवाची नाही, लेखकाची आहे. त्यात दुष्काळ फार सुंदर दिसतो, हेही मला खटकलं.

मी त्याला ती तीन पानं काढून वाचायला सांगितलं. शेत कुठे गेलं, हा प्रश्न नवव्या पानावर पडतो. नातू तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल काढतो तिथे. आजोबांचं नाव कंसात आहे. कंस म्हणजे हक्क गेला, हे तिथला कारकून न विचारता सांगतो. शेजारी फेरफाराचा नंबर. घरी नातू वडिलांना विचारतो, तर ते म्हणतात, “जेवून घे आधी.” प्रोलॉग असताना हा कंस नुसती माहिती होता, कारण उत्तर आपल्याला आधीच ठाऊक होतं. आता आपणही नातवाएवढेच अडाणी असतो, आणि वडिलांचं टाळणं ऐकू येतं.

मित्राने मग नक्कल काढायचा प्रसंगच पहिल्या पानावर आणला. तलाठ्याकडे घातलेल्या खेपांची आठ पानं गेली, त्याचं कुणालाच दुःख नाही.

एक गोष्ट मात्र गेली. त्या रात्री आजोबांना काय वाटलं, हे नातवाला कळणं शक्य नाही, कागदावरही ते नाही. कादंबरीला तेच हवं असेल तर प्रोलॉग लागेल, पण मग तो आवाज पुढेही परत यायला हवा. तीन पानांनंतर कायमचा गप्प होणारा आजोबा मला पटत नाही. मित्र म्हणतो, आजोबांचं आणखी एक प्रकरण मधे घालून बघतो. ते अजून लिहून झालेलं नाही.