धम्माची व्याख्या : आशयावरून की कार्यावरून?

चाकूर येथील धम्मवर्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथाचे वाचन चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ज्यात ईश्वर नाही, आत्मा नाही, त्याला धर्म कसे म्हणावे?" शिक्षक म्हणाले, "तू धर्माची व्याख्या कशावरून करतोस, यावर ते अवलंबून आहे." हा संवाद आम्हांस विचारणीय वाटतो.

विद्यार्थ्याच्या मनातील व्याख्या आशयलक्षी होती. धर्म म्हणजे अमुक गोष्टींवरील श्रद्धा, असे ती सांगते. टायलर यांनी १८७१ साली अलौकिक जीवांवरील श्रद्धेला धर्माचे किमान लक्षण मानले. या मापाने मूळ बुद्धविचार धर्माबाहेर पडतो. दुर्खीम यांनी १९१२ साली नेमके बौद्ध धर्माचेच उदाहरण देऊन हे माप अपुरे ठरविले आणि पवित्र मानलेल्या गोष्टींभोवती माणसांना एका नैतिक समुदायात बांधते ते धर्म, असे म्हटले. येथे पवित्रतेचा आशय शिल्लक आहे; पण भर बांधण्याच्या कार्यावर आहे.

"मग बाबासाहेबांची व्याख्या कार्यलक्षी म्हणायची ना?" विद्यार्थ्याने पुन्हा विचारले. शिक्षकांनी पोट्ठपाद परिव्राजकाची कथा सांगितली. जग शाश्वत आहे काय, या प्रश्नाला तथागतांनी उत्तर दिले नाही. दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि मार्ग एवढेच सांगितले. धर्माचे प्रयोजन जगाची उत्पत्ती सांगणे, तर धम्माचे प्रयोजन जगाची पुनर्रचना करणे, हा बाबासाहेबांनी केलेला भेद याच प्रकरणातील आहे.

संवाद येथेच थांबला, ही त्याची उणीव आहे. केवळ कार्य पाहिले तर जातपंचायतही धर्म ठरेल. तीही माणसे बांधते आणि नियम पाळावयास लावते. बाबासाहेबांना हा धोका ठाऊक होता. चोरांमध्ये, व्यापाऱ्यांमध्ये आणि जातभाईंमध्येही नीती असते. परंतु ती गटापुरती असते व गटाबाहेरच्यांविरुद्ध वापरली जाते, असे ते दाखवून देतात. म्हणून केवळ नीती पुरेशी नाही. ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. ही पवित्रता ईश्वराज्ञेतून येत नाही. बलवानाच्या स्पर्धेत दुर्बलाच्या वाढीला संरक्षण मिळावे, या गरजेतून ती येते. आशयलक्षी व्याख्येतील 'पवित्र' त्यांनी टाकून दिले नाही. त्याचा आधार बदलला. 'सार्वत्रिक' ही कसोटी मात्र त्यांनी स्वतः घातली.

ही कसोटी आम्हांसही लागू आहे. १९५६ च्या दीक्षेनंतर आमची वंदना आणि आमचे विवाहसंबंध एकाच पूर्वजातीपुरते राहिले, तर दुर्खीम यांच्या मापाने आम्ही धर्म ठरू. बाबासाहेबांच्या मापाने आमचा धम्म अपुराच राहील.